वर्णाची रिकामी जागा

मागच्या महिन्यात भाचीचा बायोडाटा करायला विश्रामबागच्या एका डीटीपीवाल्याकडे गेलो होतो. दादा, मी आणि मनू. दुकान म्हणजे एक झेरॉक्स मशीन, दोन संगणक आणि काचेखाली मांडलेल्या लग्नपत्रिकांचे नमुने. मुलगा पंचविशीचा, बोटं भराभर चालणारी. वर गणपती, दोन्ही बाजूंना कलश, मग नाव, जन्मवेळ, रास, नाडी, गण, उंची. त्याच्याकडे साचा तयारच होता, तो फक्त जुन्या मुलीची माहिती खोडून नवीन मुलीची भरत होता. उंचीनंतर तो थांबला. "वर्ण काय टाकू?" मनू म्हणाली, "ती ओळ काढून टाका." त्यानं माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि अगदी आपुलकीनं, धंद्यातला अनुभव सांगावा तसं म्हणाला, "ताई, काढू नका. ओळ नसली ना, की लोक काळीच समजतात." मग आवाज खाली आणून, "गहूवर्णी टाकतो. त्यात सगळं बसतं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते डोक्यात राहिलं.

गहूवर्णी हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. खपली गव्हापासून सिहोरपर्यंत कुठलाही गहू त्यात चालतो. आमच्या घरात शब्दांची अख्खी उतरंडच होती: गोरीपान, गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी. आणि शेवटचा शब्द उच्चारायचा नसे, त्याऐवजी वाक्यात एक 'पण' यायचा. "रंगानं डावी आहे, पण नाकीडोळी नीटस." "काळीसावळी आहे, पण तरतरीत." माझं लहानपण त्या 'पण'च्या पलीकडच्या बाजूला गेलं. आजी रविवारी डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवून माझ्या कोपरांना इतकं चोळायची की कातडी चुरचुरायची. तिला मी गोरी व्हायला हवी होते असं नाही. तिला हुंड्याची काळजी होती. तिच्या हिशेबात रंगाची प्रत्येक छटा म्हणजे काही तोळे होते. तेव्हा जाहिरातींनी ही समजूत जन्माला घातली असं मी म्हणणार नाही. आजीनं जन्मात टीव्हीवरची एक जाहिरात धड पाहिली नव्हती. पण आजीच्या डोक्यात गोरेपणाचा उपयोग फक्त मांडवापर्यंत होता. तो मांडवाच्या बाहेर, मुलाखतीच्या खोलीत कुणी नेला, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी तारखांसकट सांगता येतं.

हिंदुस्तान लिव्हरनं 'फेअर अँड लव्हली' 1975 साली बाजारात आणली. तिच्यातला मुख्य घटक नायसिनमाइड, म्हणजे साधं बी-3 जीवनसत्त्व. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि तो रंग अंगावर वागवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. नायसिनमाइड या दोघींमधली रंगाची ने-आण थोडी मंदावतं. त्याच्या जोडीला उन्हापासून बचाव करणारा पदार्थ असतो. म्हणजे उन्हानं चढलेलं काळपटपण काही आठवड्यांनी थोडं उतरतं आणि नवं चढायला वेळ लागतो. एवढंच. आपला जन्मजात रंग कुठला हे पाहायचं असेल तर आरशात तोंड बघू नये, दंडाची आतली बाजू बघावी, जिथे ऊन पोचत नाही. असल्या साध्या मलमानं तोंड फार तर तिथपर्यंत परत येईल. त्याच्या पलीकडे नेण्याची ताकद त्यात नाही. आता एवढा मर्यादित गुण असलेली वस्तू घरोघर विकायची, तर नळीतल्या मलमापेक्षा नळीभोवतीची गोष्ट मोठी असावी लागते. आधीची गोष्ट आजीचीच होती: नापसंत मुलगी, नळी, पसंती. पण नव्वदच्या दशकात मुली बाहेर पडू लागल्या, केबल आली, आणि लग्नाच्या गोष्टीला नुसतं लग्न पुरेना.

मला ती जाहिरात आठवते, कारण ती मी मावशीच्या घरी बी.कॉम. झाल्यावर पाहिली आणि मला आवडली होती. हे कबूल करायला हवं. घरात ओढाताण, बापाला कॉफीचीही चैन परवडत नाही, आणि त्याच्या तोंडून निघतं की मुलगा असता तर बरं झालं असतं. मुलगी ते ऐकते. मग नळी. मग उजळत जाणारा चेहरा, मग हवाई सुंदरीचा गणवेश, आणि शेवटी झगमगीत ठिकाणी बाप कॉफी पितोय, पैसे मुलीचे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही बाबांना कॉफी पाजायची होती! त्या जाहिरातीची चलाखी इथेच होती. तिनं मुलीला घरात बसवलं नाही, उलट मुलगी मुलाच्या जागी उभी राहू शकते असं सांगितलं, आणि त्या वाक्याच्या मधोमध नळी खुपसली. तिच्या हुशारीची, अभ्यासाची, मुलाखतीत ती काय बोलली याची एकही चौकट नव्हती. बदलला तो फक्त चेहरा. पुढचं सगळं त्यातूनच झालं असं बघणाऱ्यानं आपणहून जोडून घ्यायचं. जाहिरात ते बोलत नाही, दोन दृश्यं शेजारीशेजारी ठेवते. म्हणून तिला खोटं ठरवणंही अवघड जातं.

त्याच सुमारास मी पुण्यात मुलाखतींना जात होते. पर्समध्ये रुमाल, प्रमाणपत्रांची झेरॉक्स आणि कुठल्याशा क्रीमची एक पुडी. बसमधून उतरल्यावर स्वच्छतागृहात जाऊन ती तोंडाला लावायची. तो वास अजून नाकात आहे, गोडसर, पावडरीसारखा, त्यात घामाचा खारटपणा मिसळलेला. दहा मिनिटांनी कपाळ पांढुरकं आणि मान आपल्याच रंगाची. एका ठिकाणी स्वागतकक्षातली जागा होती. मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या, चहाही दिला. म्हणाल्या, "तुझं इंग्रजी छान आहे गं, तुला आपण आत अकाउंट्सला घेऊ." बाहेर नको, आत. त्यांनी रंगाचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. मी ती नोकरी चार वर्षं केली आणि खरं सांगायचं तर अकाउंट्समध्ये मी सुखी होते. पण त्या दिवशी घरी येताना मला जाहिरातीचा राग आला नाही. मला वाटलं, पुडी आधीपासून लावायला हवी होती.

राग ज्यांना यायला हवा होता त्यांना आला. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं या जाहिरातींचा पिच्छा पुरवला. कंपनीला सांगितलं, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत तक्रार नेली, आणि शेवटी माहिती व प्रसारण मंत्रालयानं केबल टीव्हीच्या कायद्याखाली वाहिन्यांना नोटिसा काढल्या. 2003 साली या मालिकेतल्या जाहिराती बंद झाल्या. नोटीस कुणाला गेली ते बघा. जाहिरात दाखवणाऱ्या वाहिनीला. तो कायदा प्रक्षेपणाचा. नळी विकणारी कंपनी त्याच्या तडाख्यात थेट येतच नाही. त्याच वर्षी कंपनीनं आपल्या क्रीमच्या नावानं एक प्रतिष्ठान काढलं, मुलींच्या शिक्षणाला शिष्यवृत्त्या देणारं. त्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलींना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही, आणि ते पैसे खरेच होते. तरी मनात येतंच की जाहिरातीत जी पायरी गाळली होती, म्हणजे शिक्षण, ती नंतर वेगळ्या खात्यातून भरून दिली.

मग दोनच वर्षांनी मुलग्यांची पाळी आली. कोलकात्याच्या इमामीनं 2005 साली 'फेअर अँड हँडसम' काढली आणि पुढे शाहरुख खान तिचा चेहरा झाला. माझ्या चुलतभावानं ती दाढीच्या सामानात लपवून ठेवली होती. आतापर्यंत तो बहिणीची चोरून लावायचा, त्यामुळे एका परीनं त्याची सोय झाली.

नियमांची खरी गंमत 2014 मध्ये आहे. मुंबईत ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया नावाची संस्था आहे, सगळे तिला 'ॲस्की' म्हणतात. 1985 पासून चालते. ही सरकारी कचेरी नव्हे. जाहिरात देणारे, करणारे आणि छापणारे-दाखवणारे यांनी स्वतःवर नेमलेला पंच आहे. ऑगस्ट 2014 मध्ये तिनं गोरेपणाच्या उत्पादनांसाठी वेगळे नियम काढले, आणि ते वाचताना मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. कारण नियम म्हणजे आमच्या घरातल्या संभाषणांची यादीच होती. सावळ्या माणसाला अनाकर्षक, दुःखी, खिन्न दाखवू नये. रंगामुळे तो मागे पडला, अपयशी झाला असं सुचवू नये, विशेषतः लग्न, नोकरी, बढती यांच्या बाबतीत. वापरापूर्वीचा चेहरा दाखवाल तर त्यावरचे भाव पडलेले नकोत. रंगाचा संबंध जातीशी, धर्माशी, पेशाशी, आर्थिक पायरीशी जोडू नये. ज्यानं कुणी हे लिहिलं त्यानं जाहिरातीचं इंजिन नेमकं कुठे आहे ते ओळखलं होतं. पहिल्या फोटोतली पडलेली मान काढली की दुसऱ्या फोटोतल्या हसण्याला किंमत उरत नाही.

पण हा पंच शिट्टी वाजवतो कधी? जाहिरात दाखवण्याआधी त्याच्याकडे तपासून घ्यायची सक्ती नाही. जाहिरात लागते, कुणीतरी तक्रार करतं किंवा संस्थेच्याच नजरेत येतं, कंपनीला खुलासा मागवतात, तक्रार परिषद बसते, आणि दोष दिसला तर 'बदला किंवा मागे घ्या' असं कळवतात. तोवर जाहिरातीचा हंगाम होऊन गेलेला असू शकतो. दंड करायचा अधिकार संस्थेला नाही. टीव्हीपुरतं तिच्या नियमांना 2006 पासून बळ आहे, कारण केबलच्या नियमावलीत असं घातलं गेलं की ॲस्कीच्या संहितेत न बसणारी जाहिरात दाखवता येणार नाही. पण पुन्हा तेच, तो बंधारा टीव्हीचा. मनूच्या वयाची मुलं टीव्ही पाहतात कुठे?

आणि मुख्य अडचण अशी की नियम भाव आणि शब्द पकडतात, गोष्ट पकडत नाहीत. कंपन्यांनी पडलेली मान काढली. आता पहिल्या चौकटीतली मुलगीही हसरी असते, धावपळीत असते, फक्त तिच्यावर उजेड कमी असतो. डाग, निस्तेजपणा, प्रदूषण, उन्हाचा त्रास, असे नवे शत्रू आले. 2019 च्या सुरुवातीला 'फेअर अँड लव्हली'च्या खोक्यावरचे दोन चेहरे आणि आपला रंग कितपत उतरला ते ताडून बघायची छटांची पट्टी, दोन्ही काढली गेली. ती पट्टी मी ओळखते. कागदाची, एका टोकाला तपकिरी आणि दुसऱ्या टोकाला जवळपास गुलाबी. आम्ही मैत्रिणी होस्टेलवर ती गालाला लावून एकमेकींना क्रमांक देत असू. आजीच्या उतरंडीची छापील प्रत म्हणायला हरकत नाही, फक्त इथे 'पण' नव्हता.

एक प्रकरण मात्र या सगळ्याहून वेगळ्या वाटेनं गेलं. दिल्लीतल्या एका ग्राहकानं 2013 मध्ये 'फेअर अँड हँडसम'ची नळी 79 रुपयांना घेतली, सांगितल्याप्रमाणे लावली, गोरा झाला नाही, आणि सरळ ग्राहक मंचात गेला. समाजावर परिणाम, रंगभेद वगैरे मोठ्या शब्दांचा आधार न घेता, दुकानदाराशी भांडावं तसं: तुम्ही म्हणालात गोरेपणा, मला मिळाला नाही. मंचानं 2015 मध्ये कंपनीला 15 लाख भरायला सांगितलं, राज्य आयोगानं प्रकरण पुन्हा खाली पाठवलं, आणि डिसेंबर 2024 मध्ये जिल्हा आयोगानं पुन्हा साडेचौदा लाखांचा निकाल दिला. अशा निकालावर वर दाद मागता येतेच, तेव्हा त्याला शेवटचा शब्द समजायला नको. मला त्यातला कंपनीचा बचाव वाचण्यासारखा वाटला. क्रीमचा गुण यायला नीट वापर तर हवाच, शिवाय पौष्टिक आहार, व्यायाम, चांगल्या सवयी, स्वच्छ राहणी, असं बरंच काही लागतं. आणि ते 16 ते 35 वयाच्या निरोगी तरुणांसाठी आहे. आयोगानं नळी हातात घेऊन बघावी तसं बघितलं: यातलं वेष्टनावर कुठे आहे? तिथे तर तोंड धुऊन दिवसातून दोनदा लावा एवढंच. पंचवीस वर्षांच्या संस्कृतीच्या चर्चेला जे जमलं नाही ते या एका प्रश्नानं केलं. जाहिरातीत गाळलेली पायरी कंपनीच्याच तोंडून बाहेर आली. नीट खा, नीट झोप, कष्ट कर, मग बघू.

बाकी 2020 मध्ये बरंच काही एकदम घडलं. फेब्रुवारीत केंद्र सरकारनं 1954 च्या जुन्या, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींवरच्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा मांडला. ज्या गोष्टी बऱ्या करण्याचा दावाच करायचा नाही त्यांच्या यादीत 'त्वचेचा गोरेपणा' घालायचा आणि पहिल्या गुन्ह्याला दहा लाखांपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कैद. तो मसुदा मसुदाच राहिला. मग उन्हाळ्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला, तिकडच्या मोर्चांचा दबाव इकडच्या नळ्यांपर्यंत आला, आणि जे मंत्रालयाला, ॲस्कीला, संघटनांना जमलं नव्हतं ते काही आठवड्यांत झालं. 'फेअर' गेला, जुलैत 'ग्लो अँड लव्हली' असं नाव ठरलं. शादी डॉट कॉमनं स्थळं रंगावरून चाळायची सोय काढून टाकली. पुरुषांच्या क्रीमच्या 'ग्लो अँड हँडसम' या नावावरून तर हिंदुस्तान युनिलिव्हर, म्हणजे पूर्वीची हिंदुस्तान लिव्हर, आणि इमामी मुंबई उच्च न्यायालयात भांडले. शब्द टाकून दिला त्याच्या दोन आठवड्यांतच नव्या शब्दाच्या मालकीवरून!

नव्या शब्दाचं मराठीत काय होतं ते मी गेली काही वर्षं ऐकतेय. उजळ. तजेलदार. तुकतुकीत. निखार. या शब्दांवर कुठला पंच बोट ठेवणार? आंबाही तजेलदार असतो.

त्या दिवशी दुकानात शेवटी मनूनं ऐकलं नाही. वर्णाची ओळ तिनं काढायला लावली. मुलानं मान हलवली, 'तुमची मर्जी' अशी, आणि फोटोकडे वळला. फोटो लावला, एक खिडकी उघडली, माउसनं एक ठिपका उजवीकडे ओढला. मनूचा चेहरा सरकत सरकत पांढरा होत गेला, तिच्या हिरव्या साडीचा काठ फिका पडला, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसेनासं झालं. "कमी कर," दादा म्हणाला. त्यानं थोडं मागे आणलं. "अजून?" दादा काही बोलला नाही. मीही नाही. ठिपका मधोमधच्या जरा उजवीकडे राहिला. मनू फोनमध्ये बघत होती, की बघत असल्याचं दाखवत होती. चाळीस रुपये झाले.

परवा कोल्हापूरहून एका स्थळाचा फोन आला. मुलाची आई, बोलायला अगदी मोकळी. बायोडाटा आवडला, पगार आवडला, पत्रिका जमतेय. मग जरा थांबून, "फोटोवरून नीट कळत नाही हो हल्ली. रंगानं कशी आहे?" बोलता बोलता मी स्वयंपाकघराच्या दाराशी आले होते. आत मनू चटणीसाठी शेंगदाणे सोलत होती. मी दोन तास ॲस्कीचे नियम वाचलेली बाई. मला उत्तर तयार असायला हवं होतं.

"उजळ आहे," मी म्हणाले. "तजेलदार."

आत मिक्सर सुरू झाला, आणि बराच वेळ चालू राहिला.